वीज वाचवणाऱ्या पंख्यासाठी घोषवाक्य कसे लिहावे: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले, की छताच्या पंख्याची विक्री कुठे अडते ते दिसते. काउंटरवर दोन खोकी असतात. एक साधारण सतराशे रुपयांचे, दुसरे तीन हजारांच्या आसपास. दुसऱ्या खोक्यात बीएलडीसी मोटरचा, कमी वीज खाणारा पंखा असतो. गिऱ्हाईक दोन्हींची किंमत विचारते, जरा थांबते, आणि बहुतेक वेळा पहिले खोके उचलते. जास्तीचे तेराशे रुपये आत्ता, या क्षणी, खिशातून जायचे असतात. त्यांच्या बदल्यात मिळणारी बचत मात्र पुढची कित्येक वर्षे थोडी थोडी करून बिलात येणार असते, आणि तीही कमी भरलेल्या रकमेच्या रूपात. हातात कोणी रोख देत नाही.

अशा पंख्याचे घोषवाक्य लिहायचे म्हणजे त्या थांबलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायचे. हा लेख अशी ओळ पहिल्यांदाच लिहायला बसलेल्यांसाठी आहे. कंपनी लहान असेल, जाहिरात संस्था नसेल, दुकानाचा फलक आणि खोक्याचे झाकण एवढीच जागा असेल, तरी चालेल. शेवटी एक ओळ तयार करूनच थांबू.

आधी हिशेब, मग शब्द

कागदावर पहिला शब्द लिहिण्याआधी हिशेब मांडा. बचत विकणाऱ्या घोषवाक्याचा कस हिशेबातच लागतो, आणि नवखे लोक बहुधा हिशेबातच घसरतात.

जुना, साध्या मोटरचा १२०० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट वीज घेतो. त्याच मापाचा बीएलडीसी पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये चालतो. आपण ३० धरू. फरक झाला ४५ वॅटचा. पंखा रोज १२ तास पूर्ण वेगात चालला, तर ४५ गुणिले १२ म्हणजे ५४० वॅट-तास. हजार वॅट-तासांचे एक युनिट, म्हणून रोज अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वाचते. तीस दिवसांच्या महिन्यात ती बचत १६.२ युनिटांची होते.

आता वर्षाचे बघा. इथे सरळ ३६५ ने गुणून मोकळे होऊ नका. नाशिक किंवा पुण्यात हिवाळ्यात पंखा बंद असतो, कोकणात आणि मुंबईत तो जवळपास बारा महिने फिरतो, आणि नागपुरात मे महिन्यात दिवसरात्र. मधला अंदाज म्हणून वर्षाचे २७० दिवस धरले, तर एका पंख्यामागे साधारण १४६ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ११६८ रुपये.

हा ८ रुपयांचा दर हिशेबापुरता घेतला आहे. तुमच्या भागातल्या गिऱ्हाइकाचे खरे बिल समोर घेऊन तो बदलायला हवा. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच वरचा, पुढे आणखी वरचा. वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होते. त्यामुळे महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घरात आणि ३५० वापरणाऱ्या घरात तोच पंखा वेगवेगळे पैसे वाचवतो. स्थिर आकार मात्र पंखा बदलल्याने कमी होत नाही. म्हणूनच एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून दर काढू नका, वरच्या टप्प्याचा दर बघा.

वेगाचाही विचार करायला हवा. वरचे आकडे पूर्ण वेगाचे आहेत. रेग्युलेटरवर दोनवर चालणारा साधा पंखाही ७५ वॅट घेत नाही, त्यामुळे तिथली बचत ४५ वॅटपेक्षा कमी असते. जुना, डबीसारखा गरम होणारा रेग्युलेटर असेल तर गोष्ट निराळी. तो वेग कमी करतो, पण उरलेल्या विजेचा बराच भाग स्वतःच तापून घालवतो. पंखा मंद चालवणाऱ्या घराला बचतीचा मोठा आकडा सांगितलात, तर तो त्या घरात खरा ठरणार नाही.

गिऱ्हाईक कोणते ते ठरवा

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच हमखास चुकते, म्हणून तिला जरा वेळ देऊ.

छताचा पंखा घेणारे गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. एकाच्या घरी जुना पंखा चालू आहे आणि ते तो काढून नवा बसवायच्या विचारात आहे. दुसऱ्याला पंखा घ्यायचाच आहे. नवा फ्लॅट आहे, किंवा जुना पंखा जळाला आहे. दोघांचा हिशेब वेगळा असतो.

पहिल्या गिऱ्हाइकाला वर काढलेली पूर्ण बचत मिळते, वर्षाला ११६८ रुपये. पण त्याचा खर्चही पूर्ण असतो. जुना पंखा चालत होता, तो बदलला नसता तर एक पैसाही गेला नसता. म्हणून त्याचा खर्च तेराशे रुपये धरता येत नाही, तीन हजार धरावा लागतो. वर बसवणाऱ्याची मजुरी दोनशे. ३२०० भागिले ११६८, म्हणजे पैसे वसूल व्हायला पावणेतीन वर्षे.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचा जास्तीचा खर्च खरोखरच तेराशेचा आहे, कारण साधा पंखा घेतला तरी सतराशे जाणारच होते. पण त्याची तुलना ७५ वॅटच्या पंख्याशी होत नाही. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे, म्हणजे बीईईचे, स्टार लेबल सक्तीचे झाले. त्या तक्त्यात १२०० मिलिमीटरच्या पंख्याला एक स्टार मिळवायचा तर दर वॅटमागे मिनिटाला किमान ४ घनमीटर वारा द्यावा लागतो, आणि एकूण वारा किमान २१० घनमीटर हवा. २१० ला ४ ने भागा. एक स्टारचा पंखा ५२ वॅटच्या आसपास येतो. दुकानात शेजारी ठेवलेले स्वस्त खोके ते हेच. फरक उरला २२ वॅटचा. रोज १२ तास, वर्षाला २७० दिवस, म्हणजे ७१ युनिट आणि साधारण ५७० रुपये. तेराशे वसूल व्हायला सव्वादोन वर्षांहून थोडे जास्त लागतात.

आता बाजारात वारंवार ऐकू येणारे वाक्य घ्या: “वर्षभरात पैसे वसूल.” हे कुठून येते? पहिल्या गिऱ्हाइकाची बचत, ११६८, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा खर्च, १३००. दोन वेगळ्या माणसांचे आकडे एका भागाकारात घातले की वर्षभराचे उत्तर मिळते. असे गिऱ्हाईक प्रत्यक्षात नसते. हे मुद्दाम केले जाते असे मी म्हणत नाही, पण लिहिणाऱ्याने ते पकडले नाही तर घोषवाक्य पहिल्या दिवसापासून खोटे ठरते.

तुम्ही दोघांपैकी एक निवडा. गावात जुनी घरे जास्त, पंखे वीस-वीस वर्षांचे, तर पहिला. शहराच्या कडेला नव्या इमारती उभ्या राहत आहेत, तर दुसरा. दोघांशी बोलणारी एकच ओळ हवी असेल तर तिच्यात आकडा घालता येणार नाही. आकडा खालच्या ओळीत जाईल.

लांबची बचत सांगायची कशी

“दहा वर्षांत ११,००० रुपयांची बचत” असे लिहायचा मोह होतो. आकडा मोठा दिसतो, हिशेबही चुकीचा नाही. तरी मी तो घोषवाक्यात घालणार नाही.

एक कारण हमीचे आहे. बीएलडीसी पंख्याच्या आत मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, असतो आणि बिघाड झाला तर बहुधा तोच जातो, विशेषतः जिथे वीज खूप वरखाली होते तिथे. खोक्यावर हमी दोन किंवा तीन वर्षांची आणि बचतीचे वचन दहा वर्षांचे, असे असेल तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारते: चौथ्या वर्षी बिघडला तर? घोषवाक्यातली वर्षे हमीच्या वर्षांहून फार पुढे जात असतील, तर दुकानदारालाच उत्तर देता येत नाही आणि तो तुमची ओळ काउंटरवर उच्चारायचे टाळतो. कंपनीची हमी पाच वर्षांची असेल तर “पाच वर्षे” जोरात म्हणता येते, कारण त्यामागे हमीचे कार्ड उभे असते.

दुसरे कारण माणसाच्या मनाचे. दहा वर्षांनंतरचे अकरा हजार कोणाला दिसत नाहीत. पुढचे बिल दिसते. महिन्याला सोळा युनिट कमी, हे गिऱ्हाईक घरी जाऊन पडताळू शकते. म्हणून वर्षानुवर्षांची बचत सांगायची तर तिचा एक तुकडा, एक बिल किंवा एक वर्ष, दाखवायचा आणि तो पुन्हा पुन्हा येणार हे सांगायचे. “दहा वर्षांत” ऐवजी “दरवर्षी”. अर्थ तोच राहतो, भविष्यातले दर ओळीत अडकत नाहीत, आणि पंखा किती वर्षे टिकेल याचे आश्वासन देण्याची वेळ येत नाही.

ओळी लिहा आणि एकेक तपासा

आता लिहायला बसा. सुरुवातीला मनात येतील त्या सगळ्या ओळी उतरवा, न गाळता. मग एकेकीला तीन प्रश्न विचारा. ही खरी आहे का? ही याच पंख्याची आहे का? आणि तीन हजार ऐकून थांबलेल्या माणसाला ही काही उत्तर देते का?

“वीज वाचवा, देश घडवा.” खरी आहे, पण ही सरकारी कार्यालयाच्या भिंतीवरची ओळ झाली. पंखा यात कुठेच नाही. गिऱ्हाईक देशासाठी तेराशे जास्त देत नाही, आणि न देणे त्याचा अधिकार आहे.

“बिल अर्धे, वारा पूर्ण.” ही कानाला छान लागते आणि जवळजवळ प्रत्येक नवखा लेखक हिच्यापर्यंत पोहोचतो. पंख्याचा वीजवापर अर्ध्याहून कमी होतो, बिल मात्र होत नाही. एक घर घ्या. महिन्याला १८० युनिट, तीन जुने पंखे, एक १२ तास चालणारा, एक ८, एक ५. एकूण २५ पंखा-तास रोज. ७५ वॅटने महिन्याला सुमारे ५६ युनिट जातात, ३० वॅटने साडेबावीस. तिन्ही पंखे बदलूनही ३४ युनिट वाचतात, १८० मधले. म्हणजे युनिट जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी झाले. एकच पंखा घेणाऱ्याचे तर त्याहून कमी. फ्रिज, गीझर, टीव्ही यांची वीज पंखा कशी कमी करणार? ही ओळ छापली तर तक्रारीला जागा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत.

“खर्च एकदाच, बिल कमी दरवर्षी.” हिच्याजवळ मात्र थांबावेसे वाटते. “एकदाच” हा शब्द किमतीचा अडसर नाकारत नाही. उलट तो मान्य करून लहान करतो. अडचण दुसऱ्या भागात आहे. “बिल कमी दरवर्षी” याचा अर्थ बिल वर्षागणिक उतरत जाईल असाही निघतो. विजेचे दर वाढले की बिल चढेल आणि गिऱ्हाईक म्हणेल, तुम्ही तर कमी होईल म्हणाला होतात. बचतीचे तसे नसते. दर वाढले तरी जुन्या पंख्याच्या तुलनेत बचत राहतेच, किंबहुना रुपयांत ती वाढते. म्हणून अशा ओळीत “बिल कमी” याऐवजी “बचत” हा शब्द घ्यावा.

“पंखा फिरतो, पैसा उरतो.” यमक अचूक आहे, पाच-पाच अक्षरे आहेत, तोंडात बसते. रिक्षाच्या मागे किंवा रेडिओवर ही उत्तम चालेल. पण सतराशेचे खोके विकणारा कंपनीवालाही हीच ओळ वापरू शकतो, कारण किंमत कमी असली तरी पैसा उरतोच. वर्षांचा काळ यातून दिसत नाही. मी ही ओळ फेकून देणार नाही, पण मुख्य घोषवाक्य म्हणून ठेवणारही नाही.

“किंमत एकदाच, बचत दर बिलात.” इथे पोहोचल्यावर बहुतेक जण पेन खाली ठेवतील. किमतीचे उत्तर आले, बिल आले, सतत येणारी बचत आली. तरी जानेवारीचे बिल डोळ्यासमोर आणा. पुण्यातल्या घरात पंखा महिनाभर बंद होता. त्या बिलात बचत शून्य. “दर” हा शब्द तिथे खोटा पडतो. फक्त मुंबई आणि कोकणासाठी जाहिरात असेल तर ही ओळ चालेल. राज्यभर जाणार असेल तर नाही.

हीच ओळ हिवाळ्याच्या कसोटीतून काढली की मिळते: “किंमत एकदाच, बिलात बचत दरवर्षी.” जानेवारीत पंखा बंद असो, वर्षाच्या हिशेबात बचत होतेच. नाशिकला कमी, रत्नागिरीला जास्त, पण होते. “बिलात बचत” हे दोन शब्द ब-वर लागोपाठ येतात, म्हणून ओळ म्हणायला सोपी जाते. मी हीच ठेवेन. एक मर्यादा ध्यानात असू द्या. पंखा हप्त्यावर विकला जात असेल, तर “किंमत एकदाच” त्या फलकावर लावू नका.

खाली आधाराची ओळ

घोषवाक्य एकटे सोडू नका. त्याच्याखाली एक साधी, आकड्याची ओळ लागते, आणि तिच्यात तुलना कशाशी केली ते स्पष्ट हवे. जुना पंखा बदलणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ती अशी लिहिता येईल:

“७५ वॅटच्या जुन्या पंख्याच्या जागी हा ३० वॅटचा पंखा, रोज १२ तास पूर्ण वेगात चालवल्यास महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात.”

इथे रुपये मुद्दाम घातलेले नाहीत. दर बदलले तरी युनिट बदलत नाहीत, खोके दोन वर्षे गोदामात पडून राहिले तरी ओळ खरी राहते. रुपयांचा आकडा दुकानातल्या कागदी फलकावर द्या, कारण तो कागद दर बदलले की बदलता येतो. त्या कागदावर कोणता दर धरला तेही लिहा.

ही ओळ तळाशी मुंगीच्या अक्षरात ढकलू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये आली. त्यांच्यानुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो आणि तो मुख्य दाव्याला छेद देऊ शकत नाही. वर मराठी घोषवाक्य आणि खाली इंग्रजीत अटी, ही पद्धत म्हणूनच सोडून द्यायला हवी. आकड्यांचे कागद, म्हणजे चाचणी प्रयोगशाळेचा अहवाल आणि स्टार लेबलचा तपशील, जाहिरात छापायच्या आधी फाइलीत असावेत. तक्रार आल्यावर ते शोधण्यात अर्थ नाही.

वाऱ्याबद्दलही काहीतरी सांगायला लागते. कमी वॅट ऐकले की गिऱ्हाइकाचा दुसरा प्रश्न हाच असतो: “वारा लागतो का?” घोषवाक्यात हे कोंबू नका, तिथे एकच गोष्ट मावते. खोक्याच्या बाजूवर लेबलातला वाऱ्याचा आकडा द्या आणि दुकानदाराला जुना पंखा व नवा पंखा शेजारी-शेजारी टांगायला सांगा. घनमीटरपेक्षा अंगाला लागलेला वारा लवकर पटतो.

फलकावर आणि कानावर

ओळ कागदावर चांगली दिसली तरी तिला रस्त्यावर टिकायचे असते. रंगवलेल्या भिंतीवर आणि बसच्या मागे जोडाक्षरे लांबून वाचता येत नाहीत. “वर्षानुवर्षे” हा शब्द अर्थाला अगदी योग्य आहे, पण त्यावर दोन रफार येतात आणि रंगाऱ्याच्या ब्रशखाली ते दोन्ही अक्षरांत मिसळतात. आपल्या ओळीत एकच रफार आहे, शेवटच्या अक्षरावर, तोपर्यंत वाचणाऱ्याला शब्द कळलेला असतो. दोन ओळींत मांडताना “किंमत एकदाच” वर आणि “बिलात बचत दरवर्षी” खाली ठेवा. मध्ये तोडू नका. “किंमत एकदाच, बिलात” असे वर गेले तर वाचणाऱ्याला वाटते किंमत बिलातून घेणार.

ऐकण्याचीही एक कसोटी आहे. ओळ मोठ्याने, एका श्वासात, घाईने म्हणा, जशी रेडिओवर शेवटच्या सेकंदात म्हटली जाते. जीभ कुठे अडखळते ते लगेच कळते. आणि हो, हिंदी ओळीचा अनुवाद मराठीत वापरायला देऊ नका. हिंदीतले यमक मराठीत आले की सुटते आणि मागे उरतो तो नुसता अर्थ. मराठी ओळ मराठीतच पहिल्यापासून लिहावी लागते, ती कामाचे तास वाढवते, पण दुकानदाराच्या तोंडी तीच राहते.

छापण्याआधी व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदणीत शोध घ्या. साध्या शब्दांची ओळ दुसऱ्या कोणालाही सुचलेली असू शकते.

दुकानात चाचणी

ओळ ऑफिसात दाखवून मत विचारू नका. तिथे सगळ्यांना पंख्याबद्दल आधीच माहिती असते. ती एका जाड कागदावर छापा, दुकानाच्या काउंटरवर ठेवा आणि बाजूला उभे राहा. गिऱ्हाईक गेले की दुकानदाराला विचारा, त्याने काय विचारले. “म्हणजे किती वाचतात?” असे विचारले असेल तर ओळीने काम केले. ती गिऱ्हाइकाला हिशेबापर्यंत घेऊन आली, आता आधाराची ओळ पुढचे सांभाळेल. “हप्ते आहेत का?” असे विचारले तर “एकदाच” चुकीचे ऐकले जात आहे. “कोणत्या बिलात? मोबाइलच्या?” असा प्रश्न आला तर फलकावर पंख्याचे चित्र पुरेसे मोठे नाही. काहीच न विचारता सतराशेचे खोके उचलले, तर ओळ वाचलीच गेलेली नाही. मग शब्द बदलण्याआधी फलकाची जागा बदला.

विक्रीनंतर एक तक्रार ठरलेली असते आणि तिची तयारी आधीच करावी लागते. गिऱ्हाईक पंखा एप्रिलमध्ये घेते. मे महिन्यात बिल येते ते फेब्रुवारीच्या बिलापेक्षा जास्त, कारण उन्हाळा आहे, पंखे दिवसभर चालतात, फ्रिज जास्त धावतो, कदाचित कूलरही लागला. ते दुकानात येऊन म्हणते, कसली बचत? घोषवाक्य खरे असूनही खोटे वाटते. उपाय खोक्याच्या आत ठेवायच्या चिठ्ठीत आहे. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. चिठ्ठीत लिहा: “या मे महिन्याचे युनिट गेल्या मे महिन्याच्या युनिटांशी ताडून पाहा. रुपये ताडू नका, दर बदललेले असू शकतात.” एकाच पंख्याचे सोळा युनिट शंभर-दोनशे युनिटांच्या बिलात सहज लपतात, घरात एक पाहुणा आला तरी झाकले जातात, हेही दुकानदाराला समजावून सांगा. तीन पंखे बदलणाऱ्याला फरक स्पष्ट दिसेल. एक बदलणाऱ्याला सलग दोन-तीन महिने ताडावे लागतील.

विजेचे नवे दर जाहीर झाले की काउंटरवरचा रुपयांचा कागद बदला. स्टार लेबलचा तक्ता बदलला तर एक स्टारच्या पंख्याचे वॅट नव्याने काढा आणि नव्या फ्लॅटवाल्यांसाठीचा आकडा सुधारा. जुन्या साच्यातली खोकी शिल्लक असतील तर त्यांच्यावर दुरुस्तीचा कागद चिकटवा. वरची ओळ तशीच राहील.